टेंट आणि स्लीपिंग बॅग ऑनलाइन घेताना: 0 डिग्री, 3000 एमएम या आकड्यांचा खरा अर्थ

माझी पहिली स्लीपिंग बॅग मी फोनवरच मागवली होती. फोटोवर मोठ्या अक्षरात 0°C लिहिलेलं होतं. जानेवारीत भंडारदऱ्याला तलावाकाठी कॅम्पिंगला जायचं होतं. ॲपमध्ये रात्रीचं तापमान 11 डिग्री दिसत होतं. म्हटलं, शून्याची बॅग आहे, 11 म्हणजे आरामात झोप लागणार. रात्री दोन वाजता मी जॅकेट, दोन पायमोजे आणि कानटोपी घालून त्याच बॅगेत कुडकुडत बसलो होतो. घरी आल्यावर बॅगेच्या आत शिवलेलं बारीक लेबल पहिल्यांदा वाचलं. त्यावर तीन आकडे होते: कम्फर्ट 14, लिमिट 10, एक्स्ट्रीम 0.

म्हणजे कंपनी खोटं बोलली नव्हती. तीन आकड्यांपैकी सगळ्यात आकर्षक दिसणारा तेवढा फोटोवर टाकला होता. टेंट आणि स्लीपिंग बॅगच्या ऑनलाइन खरेदीत बहुतेक फसगत अशीच होते. आकडा खरा असतो, पण तो कशाचा आहे हे सांगितलेलं नसतं. म्हणून आधी हे आकडे कुठून येतात ते बघू, मग ते आपल्या कॅम्पला लावून बघू.

स्लीपिंग बॅगचे तीन आकडे

स्लीपिंग बॅगचं तापमान मोजायची एक ठरलेली पद्धत आहे. आधी तिला EN 13537 हा युरोपियन नियम होता, 2016 पासून त्याची जागा ISO 23537 ने घेतली. पद्धत अशी: माणसाच्या आकाराचा एक पुतळा घेतात. त्याच्या आत हीटर आणि अंगभर सेन्सर असतात. त्याला पूर्ण बाह्यांचे थर्मल कपडे आणि पायमोजे घालून बॅगेत ठेवतात, खाली मॅट असते, आणि हे सगळं थंड खोलीत. पुतळ्याचं अंग गरम ठेवायला किती वीज लागते त्यावरून बॅग किती उष्णता धरून ठेवते हे कळतं. मग त्यावरून हिशेबाने हे आकडे काढतात.

कम्फर्ट म्हणजे ज्या तापमानाला साधारण 60 किलो वजनाची, 160 सेंटिमीटर उंचीची स्त्री अंग सैल सोडून नीट झोपू शकेल. लिमिट म्हणजे ज्या तापमानाला साधारण 73 किलोचा, 173 सेंटिमीटर उंचीचा पुरुष अंगाचं मुटकुळं करून आठ तास कसाबसा झोप काढेल. आणि एक्स्ट्रीम? तो झोपेचा आकडाच नाही. त्या तापमानाला ती स्त्री सहा तास थंडीने जीव न जाता तग धरू शकेल, एवढाच त्याचा अर्थ. बोटांना हिमदंश होण्याची शक्यता त्यातही धरलेली आहे. तो आकडा बॅगेच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात छापायचा, हे मला आजही पटत नाही.

स्त्री आणि पुरुष असे वेगळे का, तर थंडी जाणवण्यात सरासरी फरक पडतो. पण हा नियम म्हणून घट्ट धरू नका. मुलगा असाल आणि घरात पंखा दोनवर असतानाही चादर ओढून घेत असाल, तर तुमच्यासाठीही कम्फर्टचाच आकडा. खरेदी करताना मी सगळ्यांना हेच सांगतो: एक्स्ट्रीमकडे बघूच नका, लिमिट माहितीपुरतं वाचा, निवड कम्फर्टवर करा.

आता गंमत अशी की बॅगेच्या नावातला आकडा कोणता घ्यायचा, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. डेकॅथलॉन आपल्या बॅगेच्या नावात कम्फर्टचा आकडा वापरते. त्यांची 10° लिहिलेली बॅग म्हणजे 10 डिग्रीला आरामात झोप. काही अमेरिकन कंपन्या नावात लिमिटचा आकडा टाकतात, तोही फॅरनहाइटमध्ये. तिथली 20 डिग्रीची बॅग म्हणजे आपल्याकडची उणे 7 च्या आसपास, चांगली जाड बॅग. आणि आपल्याकडे 20 डिग्रीची बॅग म्हणजे पातळ, उन्हाळ्यातली. विदेशी व्हिडिओ बघून नुसतं 20 डिग्री असं शोधलंत, तर हातात अगदी वेगळीच वस्तू पडू शकते.

प्रॉडक्ट पेजवर तीनपैकी एकच आकडा असेल, तर विक्रेत्याला प्रश्न विचारायच्या जागी सरळ टाइप करा: `What is the comfort temperature as per ISO 23537?` उत्तर आलं नाही, किंवा "good for all seasons" असं काहीतरी आलं, तर ती बॅग चाचणी न करता विकायला ठेवली आहे असं धरून चाला.

अजून एक झटपट तपासणी आहे, ती म्हणजे वजन. आत सिंथेटिक भरण असेल तर ऊब हवी तेवढं भरण हवंच, आणि भरणाला वजन असतं. शून्य डिग्री कम्फर्टची सिंथेटिक बॅग साधारण दीड किलोच्या आसपास किंवा त्याहून जड असते. 800-900 ग्रॅमची सिंथेटिक बॅग शून्य म्हणत असेल तर तो एक्स्ट्रीमचा आकडा आहे किंवा मनाने लिहिलेला आहे. डाऊनची, म्हणजे बदक किंवा हंसाच्या मऊ पिसांची बॅग मात्र हलकी असूनही गरम असते. पण ती महाग पडते आणि ओली झाली की पिसं एकमेकांना चिकटतात, मग ऊब जवळपास जाते. सह्याद्रीतल्या दवात आणि दमटपणात पहिली बॅग सिंथेटिकच घ्या. हिमालयात वारंवार जायला लागलात की डाऊनचा विचार करा.

तुमच्या कॅम्पला खरंच किती थंडी असते?

बॅगेचा आकडा कळला, आता जागेचा आकडा हवा. इथे फोनमधलं हवामानाचं ॲप अर्धीच मदत करतं. ॲप दाखवतं ते जमिनीपासून साधारण दोन मीटर उंचीवरच्या हवेचं तापमान, आणि तेही काही किलोमीटरच्या चौकोनाची सरासरी. तुमचा टेंट त्या चौकोनात नेमका कुठे आहे, हे त्याला माहीत नसतं.

हिवाळ्यात आकाश निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल, तर जमीन भराभर थंड होते. तिला लागून असलेली हवा गार आणि जड होते आणि उतारावरून वाहत खोलगट भागात जाऊन साचते. महाबळेश्वरला हे दर हिवाळ्यात दिसतं. गावात थंडी बेताची असते, आणि त्याच पहाटे वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याचे फोटो पेपरात येतात. अंतर तसं फार नाही, पण तलावाची जागा खोलगट आहे. माझ्या बाबतीत भंडारदऱ्याला नेमकं हेच झालं. आमचे टेंट पाण्याच्या अगदी जवळ, सगळ्यात खालच्या सपाट जागेवर होते. फोटो छान आले, रात्र वाईट गेली.

म्हणून हिवाळ्यातल्या कॅम्पसाठी ॲपमधला आकडा बघा आणि तलावाकाठी किंवा दरीत झोपणार असाल तर त्यातून 4-5 डिग्री वजा करा. डोंगरावर जाणार असाल तर उंचीचाही हिशेब करा. हवा नीट मिसळलेली असेल तेव्हा दर 1000 मीटरला साधारण साडेसहा डिग्रीने तापमान उतरतं. कळसूबाई 1646 मीटर उंच आहे आणि नाशिक शहर साधारण 600 मीटरवर, म्हणजे फरक 1000 मीटरचा. नाशिकला रात्री 12 असेल तर शिखरावर वाऱ्याच्या रात्री 5-6 धरा. वारा नसलेल्या रात्री कधी उलटंही होतं, शिखरापेक्षा पायथा जास्त गार असतो. अंदाज बांधताना मी नेहमी दोन्हींतला वाईट आकडा घेतो.

तर हिशेब असा झाला: ॲप 11, तलावाकाठ म्हणून उणे 5, म्हणजे 6. मला हवी होती कम्फर्ट 5 ची बॅग. माझ्याकडे होती 14 ची. ही तूट जॅकेटने भरून निघत नाही.

मॅट विसरलात तर बॅग अर्धी

एक गोष्ट कुणी सांगत नाही. बॅगेच्या आतलं भरण हवा पकडून ऊब देतं, आणि तुमच्या अंगाखालचं भरण तुमच्याच वजनाने दबून चपटं होतं. खालून थंडी अडवायचं काम मॅट करते. लॅबमध्ये पुतळ्याच्या खालीही मॅट असतेच, म्हणजे बॅगेवरचे ते तीन आकडे मॅट धरूनच आलेले आहेत. सतरंजी घालून झोपलात तर तो आकडा तुम्हाला लागू नाही.

मॅटची ताकद आर-व्हॅल्यू या आकड्यात सांगतात. जितका जास्त, तितकी जमिनीची थंडी कमी लागते. चांगल्या फोमच्या घडीच्या मॅटची आर-व्हॅल्यू साधारण 2 असते, आणि सह्याद्रीच्या हिवाळ्याला ती चालते. बर्फावर झोपायचं असेल तर 4 किंवा त्याहून जास्त हवी. यात सोयीचं असं की हे आकडे बेरजेत चालतात. 2 च्या दोन मॅट एकावर एक टाकल्या की 4. नुसती हवा भरायची स्वस्त गादी मऊ लागते, पण आतली हवा फिरत राहते आणि पाठ गार पडते. मऊ आहे म्हणजे गरम आहे, असं नाही.

बजेट मर्यादित असेल तर माझं मत असं: बॅगवर थोडे कमी खर्च करा, पण मॅट नीट घ्या.

टेंटवरचा एमएम म्हणजे काय?

आता टेंट. लिस्टिंगवर 2000 mm, 3000 mm असं काहीतरी असतं, आणि खाली प्रश्नोत्तरात कुणीतरी विचारलेलं असतं की हा पाऊस आहे का. नाही, हा पाऊस नाही. कापड घट्ट ताणून त्यावर पाण्याचा दाब वाढवत नेतात. खालच्या बाजूने तीन ठिकाणी थेंब दिसले की थांबतात. त्या वेळचा दाब जितक्या उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा, तो आकडा. 2000 एमएम म्हणजे कापडावर दोन मीटर उंच पाणी उभं राहिलं तरी ते झिरपलं नाही.

ऐकायला खूप वाटतं, पण दाबात बदलून बघा. एक मीटर उंच पाण्याचा दाब एका चौरस सेंटिमीटरला 100 ग्रॅम. म्हणजे 2000 एमएमचं कापड एका चौरस सेंटिमीटरला 200 ग्रॅमपर्यंत टिकतं. वरून पडणाऱ्या पावसासाठी हे पुरतं. फ्लायशीट, म्हणजे टेंटचं वरचं आवरण, 1500 ते 3000 असेल तर आपल्याकडच्या बहुतेक कॅम्पला काही अडचण नाही. त्यावर पाणी साचत नाही, घरंगळून जातं.

खरी परीक्षा तळाची असते. समजा तुमचं वजन 60 किलो आहे आणि टेंटमध्ये गुडघे टेकून तुम्ही बॅग उघडताय. त्यातले 40 किलो गुडघ्यांवर आले आणि दोन्ही गुडघ्यांचा टेकलेला भाग मिळून 100 चौरस सेंटिमीटर आहे असं धरू. म्हणजे एका चौरस सेंटिमीटरला 400 ग्रॅम, म्हणजे 4000 एमएम. खाली माती ओली असेल आणि तळ 2000 चा असेल, तर गुडघ्याखाली ओलं वर्तुळ उमटणार. तेच तुम्ही आडवे झालात की वजन पसरतं, आणि दाब 200 एमएमच्या आसपास येतो. मॅट असेल तर त्याहून कमी. म्हणून अनेकांना वाटतं की टेंट गळतोय, आणि प्रत्यक्षात तळ फक्त गुडघे आणि कोपर टेकतात तिथे पाझरत असतो.

तर दोन आकडे वेगवेगळे शोधा, फ्लायशीटचा आणि तळाचा. तळ 3000 असेल तर चालेल, 5000 असेल तर उत्तम. लिस्टिंगवर नुसतं "waterproof" असेल आणि आकडाच नसेल, तर तो टेंट दव अडवेल, पाऊस नाही. तळाखाली ताडपत्रीचा तुकडा टाकता येतो, पण तो तळापेक्षा चार बोटं लहान कापा. बाहेर आलेल्या ताडपत्रीवर पाऊस पडतो आणि ते पाणी वाहत तुमच्या खालीच येतं. ही चूक मी स्वतः बघितली आहे, आणि दोष टेंटला दिला गेला.

गळती शिवणीतून होते

कापड कितीही चांगलं असलं तरी शिलाई म्हणजे सुईने पाडलेली हजारो भोकं. त्यावर आतून एक पारदर्शक पट्टी गरम करून चिकटवतात, तिला सीम टेप म्हणतात. पावसात टेंट गळतो तेव्हा बहुतेक वेळा दोष कापडाचा नसतो, या टेपचा असतो. एक तर ती लावलेलीच नसते, नाहीतर सुटलेली असते. त्यामुळे वर्णनात "taped seams" किंवा "sealed seams" हे शब्द शोधा, आणि रिव्ह्यूमधल्या फोटोत टेंट आतून दिसत असेल तर झूम करून शिवणीवर चकचकीत पट्टी दिसते का बघा.

दुसरी गोष्ट फ्लायशीटच्या आकाराची. स्वस्त टेंटमध्ये वरचं आवरण फक्त डोक्यावर टोपीसारखं असतं आणि बाजूच्या भिंती उघड्याच. भंडारदऱ्याला मेअखेर, जूनच्या सुरुवातीला काजवे बघायला गर्दी होते, तेव्हा मान्सूनपूर्व पाऊस येतो तो वाऱ्यासोबत आडवा. टोपीवाला टेंट अशा वेळी दहा मिनिटांत आतून ओला होतो. आवरण सगळ्या बाजूंनी जमिनीच्या जवळपर्यंत आलेलं हवं, आणि आतला टेंट त्याला चिकटता कामा नये.

तरीही सकाळी आत पाणी दिसलं, तर लगेच वन स्टार देऊ नका. रात्रभर दोघांच्या श्वासातून बरीच वाफ बाहेर पडते आणि ती गार कापडावर थेंब होऊन बसते. ओळखायचं असं: फ्लायशीटच्या आतल्या बाजूला सगळीकडे सारखे बारीक थेंब असतील आणि रात्री पाऊसही पडला नसेल, तर ती वाफ आहे. खिडक्या थोड्या उघड्या ठेवा. ओलावा शिवणीच्या रेषेवर, एखाद्या कोपऱ्यात किंवा झिपखाली एकाच जागी असेल तर ती गळती. वाफेपासून वाचायला दोन थरांचा टेंट घ्या, आत जाळी आणि बाहेर आवरण. एका थराच्या टेंटमध्ये थेंब सरळ तुमच्या बॅगेवर पडतात आणि बॅगेची ऊब तिथेच कमी होते.

ब्रँडवर विश्वास कशावरून ठेवायचा?

क्वेचुआ, कोलमन, वाइल्डक्राफ्ट, नेचरहाइक, ट्रायपोल ही नावं तुम्हाला ऑनलाइन सारखी दिसतील. त्यात कुणाला पहिला नंबर द्यायचा हे मी सांगणार नाही, कारण एकाच कंपनीचा एक टेंट चांगला आणि दुसरा बाद असू शकतो. ब्रँड बघण्यापेक्षा त्या मॉडेलचं पान बघा. कम्फर्ट आणि लिमिट वेगळे लिहिलेत का, फ्लाय आणि तळाचे एमएम वेगळे दिलेत का, पोल कशाचे आहेत, वजन किती, हे सगळं स्पष्ट लिहिणारी कंपनी निदान उत्तर द्यायला तयार असते.

फोनवर करता येण्यासारखी एक सोपी तपासणी: प्रॉडक्टचा फोटो स्क्रीनशॉट घेऊन गुगल लेन्समध्ये टाका. तोच फोटो, तोच टेंट सात-आठ वेगवेगळ्या नावांनी आणि वेगवेगळ्या आकड्यांनी दिसला, एका ठिकाणी 1500 एमएम आणि दुसरीकडे 4000, तर समजून जा. एकाच कारखान्याचा माल आहे, लेबल प्रत्येकाने आपलं लावलंय, आकडाही आपलाच. असा टेंट वाईटच असेल असं नाही, पण त्यावरच्या आकड्याला काही किंमत नाही.

रिव्ह्यू वाचताना पाच स्टार आणि एक स्टार दोन्ही सोडा, दोन आणि तीन स्टारवाले वाचा. ते वापरून लिहिलेले असतात. रिव्ह्यूच्या सर्चमध्ये `zip`, `pole`, `leak` हे शब्द टाका. आणि तारीख बघा. फेब्रुवारीतला "एकदम वॉटरप्रूफ" हा रिव्ह्यू काही कामाचा नाही, जुलै-ऑगस्टमधला शोधा.

टेंटचं आयुष्य शेवटी पोल आणि झिप ठरवतात. स्वस्त टेंटमध्ये फायबरग्लासचे पोल असतात. जोरात वारा आला की ते उभे चिरतात आणि त्यांच्या कुसळांनी कापड फाटतं. ॲल्युमिनियमचा पोल वाकतो, पण हाताने सरळ करून रात्र काढता येते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पोलचा एक तुकडा सुटा मिळतो का? कंपनीच्या साइटवर किंवा दुकानात स्पेअर पोल, पेग मिळत असतील तर तो टेंट पाच वर्षं वापरता येईल. मिळत नसतील तर 200 रुपयांच्या तुकड्यासाठी अख्खा टेंट जातो. माझ्या मते ब्रँडच्या भरवशाची यापेक्षा चांगली खूण नाही.

रिटर्नच्या मुदतीत करायच्या गोष्टी

पार्सल आलं की कोपऱ्यात ठेवून देऊ नका. ऑनलाइन वस्तू परत करायची मुदत बहुतेक वेळा आठवडा-दहा दिवसांचीच असते, आणि आपण टेंट उघडतो थेट कॅम्पला.

पहिल्याच संध्याकाळी गच्चीवर टेंट उभा करा. अंधार पडल्यावर एकाने बाहेरून फोनचा टॉर्च शिवणीवर धरायचा आणि दुसऱ्याने आतून बघायचं. शिलाईच्या भोकांतून ठिपक्यांसारखा उजेड आला आणि त्यावर पट्टी दिसली नाही, तर ती जागा गळणार. झिप वीस वेळा उघडबंद करा, कोपऱ्यात अडकते का बघा. पाण्याची चाचणी शेवटी करा, कारण ओला टेंट परत घ्यायला विक्रेता कुरकुर करतो. आधीच्या गोष्टींत पास झाला, तरच पाइपने वीस मिनिटं वरून आणि बाजूने पाणी मारा. आत जुने वर्तमानपत्र पसरून ठेवा. कागदावर ओला डाग कुठे पडला यावरून गळतीची जागा लगेच कळते.

स्लीपिंग बॅगसाठी आधी आतलं लेबल वाचा आणि लिस्टिंगशी जुळवा. लेबलवर वेगळा आकडा असेल तर फोटो काढून लगेच रिटर्न टाका, "wrong specification" हे कारण निवडा. मग बॅगेत शिरून झिप पूर्ण लावा. खांदे आवळत असतील तर ती तुमच्यासाठी लहान आहे, भरण दबून ऊब जाईल. पायाशी खूप जागा उरत असेल तर तेवढी हवा तुमच्या अंगाला रात्रभर गरम करत बसावी लागेल. बॅग उजेडासमोर धरून बघा, मधेच पातळ, आरपार उजेड येणारे पट्टे असतील तर तिथूनच थंडी आत येणार.

घेतल्यानंतर

बरेच टेंट पाऊस न लागताही गळायला लागतात, फक्त माळ्यावर पडून. वॉटरप्रूफिंगसाठी कापडावर पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा थर असतो. दमट हवेत, ओला गुंडाळून ठेवला तर तो थर पाण्याशी अभिक्रिया होऊन हळूहळू तुटतो. आधी आंबूस वास येतो, मग कापड हाताला चिकट लागतं, आणि शेवटी पापुद्रे सुटून पांढरा भुगा पडतो. चिकटपणा सुरू झाला की तो टेंट पावसासाठी संपला, कुठल्याही स्प्रेने परत येत नाही. नुसती सीम टेप सुटली असेल तर मात्र सीम सीलर नावाची ट्यूब मिळते, ती आतून लावून एक दिवस वाळवली की काम होतं. जुना टेंट मित्राकडून घेत असाल तर आधी नाकाशी धरा, मग तळावर बोट फिरवा.

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर कॅम्पहून आल्यावर टेंट घरात दोरीवर दोन दिवस पंख्याखाली वाळवा, उन्हात जास्त वेळ नको. स्लीपिंग बॅग तिच्या छोट्या पिशवीत कोंबून वर्षभर ठेवू नका, भरण दबलेलं राहतं आणि कम्फर्ट 5 ची बॅग दोन-तीन वर्षांत तेवढी ऊब देईनाशी होते. जुन्या उशीच्या मोठ्या खोळीत सैल भरून कपाटात वरच्या खणात टाकली की पुरे.

माझी ती जुनी 14 कम्फर्टची बॅग अजून आहे. मेमधल्या काजव्यांच्या कॅम्पला ती मस्त चालते. जानेवारीसाठी आता कम्फर्ट 5 ची सिंथेटिक बॅग आणि खाली फोमची मॅट नेतो, आणि टेंट पाण्यापासून थोडा वर, चढावर लावतो.